फोटो चांगला होता, पीडीएफमध्ये पुसट का झाला?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची किंवा मंडळाची स्मरणिका हल्ली बहुतेक ठिकाणी वर्डमध्येच तयार होते. मजकूर टाइप होतो, फोटो टाकले जातात, चार जणांकडून प्रुफं तपासून होतात आणि शेवटच्या दिवशी पीडीएफ काढून छापखान्यात पाठवली जाते. मग तिकडून निरोप येतो, ‘फोटो फुटतायत, मोठे पाठवा.’ ज्याने फोटो काढला तो म्हणतो, माझ्या मोबाइलमध्ये तर केस न् केस दिसतोय. दोघांचंही खरं असतं. फोटो चांगलाच होता, तो वाटेत कुठेतरी लहान झाला. कुठे झाला, हे कळल्याशिवाय पीडीएफ पुन्हा पुन्हा काढण्यात अर्थ नाही.

जागा मुख्यतः दोन. एक, चित्र मुळातच लहान होतं आणि पानावर ताणून मोठं केलं. दोन, चित्र मोठं होतं, पण फाइल हलकी करण्याच्या नादात सॉफ्टवेअरने त्यातले पिक्सेल टाकून दिले. पहिल्याला वेगळं चित्र मिळवण्यावाचून इलाज नाही. दुसऱ्याचा इलाज एखाद्या खुणेच्या चौकटीत असतो. पण ही दोन्ही कारणं एकत्र आली की भल्याभल्यांना कोडं सुटत नाही, आणि स्मरणिकेत ती हमखास एकत्र येतात. त्याकडे वळण्यापूर्वी एक भागाकार.

फोटोची स्पष्टता ‘किती मेगापिक्सेलचा’ यावरून किंवा फाइल किती एमबीची यावरून ठरत नाही. पानावरच्या एका इंचात त्याचे किती पिक्सेल बसले, यावरून ठरते. चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये घ्या आणि पानावर ते जितके इंच रुंद आहे त्याने भागा. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना एकेक इंच समास सोडला की मजकुराची रुंदी सुमारे १५.९ सेंटिमीटर, म्हणजे ६.२७ इंच उरते. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो या पूर्ण रुंदीत बसवला, तर इंचाला २५५ पिक्सेल मिळतात. ६४० पिक्सेलचा फोटो त्याच जागेत बसवला, तर १०२.

छापखान्यात प्रमाण म्हणून इंचाला ३०० सांगतात आणि ते मिळालं तर उत्तमच. पण २००-२२० वर आलेला फोटो साध्या छपाईत सहसा कोणाच्या डोळ्याला खुपत नाही. १५० च्या खाली चेहरे मऊ पडू लागतात, भुवया आणि कपाळ एकमेकांत मिसळतात. १०० ला तर चष्म्याची काडी ओळखावी लागते. पीडीएफ फक्त मोबाइलवर वाचली जाणार असेल तर १५० पुरते.

इथे एक फसवणूक टाळा. फोटोच्या माहितीत ‘300 dpi’ असं लिहिलेलं असतं, आणि पुष्कळ जण ते पाहून निश्चिंत होतात. तो आकडा म्हणजे फाइलला चिकटवलेली चिठ्ठी आहे. २०० पिक्सेल रुंदीच्या चित्रावरही ती चिकटवता येते. वर्डमध्ये चित्रावर उजवी क्लिक करून `Size and Position` उघडलं की `Original size` आणि टक्केवारी दिसते. ती याच चिठ्ठीवरून काढलेली असते, त्यामुळे १०० टक्के दिसलं म्हणून चित्र ठीक, असं समजू नका. पिक्सेलची संख्या पाहायची आणि भागाकार स्वतः करायचा.

आता कोड्याकडे. समजा, तुमच्याकडे मोबाइलने काढलेला ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा दीपप्रज्वलनाचा फोटो आहे. पूर्ण रुंदीत लावला तर इंचाला ६३८ पिक्सेल, म्हणजे गरजेच्या दुप्पट. पण सुरुवातीला कच्ची मांडणी करताना तो तुम्ही कोपऱ्यात चार सेंटिमीटर रुंदीचा करून ठेवला. जागा किती मिळेल याचा अंदाज नव्हता. फाइल सेव्ह केली आणि मशीन बंद केलं. वर्डमध्ये सेव्ह करतानाच चित्रं दाबण्याची सोय मुळापासून चालू असते आणि तिचं प्रमाण बहुतेक ठिकाणी इंचाला २२० ठेवलेलं असतं. वर्डने पाहिलं, चार सेंटिमीटर म्हणजे १.५७ इंच, इंचाला २२० म्हणजे ३४६ पिक्सेल पुरे. बाकीचे साडेतीन हजारांहून जास्त टाकून दिले. चार सेंटिमीटरच्या आकारात फोटो उत्तमच दिसतो, म्हणून कोणाला काही कळत नाही. आठवड्याने अध्यक्ष म्हणाले, हा फोटो पूर्ण रुंदीत घ्या. तुम्ही कोपरा धरून ओढला. आता ३४६ पिक्सेल ६.२७ इंचांवर पसरले आणि इंचाला अवघे ५५ उरले.

मूळ फोटो १२ मेगापिक्सेलचा आहे, हे तुम्ही शपथेवर सांगाल. तो तसा मोबाइलमध्ये आहेच; दस्तऐवजात मात्र त्याची ३४६ पिक्सेलची चिमुकली प्रत राहिली आहे. `Reset Picture` दाबून रंग पूर्ववत होतात, गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. पीडीएफ काढताना कितीही वरची गुणवत्ता निवडली तरी ५५ चे २५५ होत नाहीत. एक्सपोर्टच्या खिडकीतले सगळे आकडे कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत.

हे टाळायचं तर दस्तऐवज नवा असतानाच, पहिला फोटो टाकण्याआधी, एक काम करा. वर्डमध्ये `File` > `Options` > `Advanced` मध्ये जा आणि `Image Size and Quality` हा भाग शोधा. तिथे `Do not compress images in file` या चौकटीत खूण करा. या भागाच्या शीर्षकाशेजारी दस्तऐवजाचं नाव दिसतं, ते नीट पाहा. ही खूण त्या एकाच फाइलपुरती असते. यापुढच्या सगळ्या नव्या फाइलींना हवी असेल तर तिथल्या यादीतून `All New Documents` निवडावं लागतं. सहकाऱ्याने त्याच्या मशीनवर वेगळी फाइल सुरू करून तुमच्या फाइलीत पानं चिकटवली, तर त्याची चित्रं आधीच दाबलेली असू शकतात. स्मरणिका पाच जण मिळून करत असतील तर फोटो एकानेच टाकावेत, आणि बाकीच्यांनी मजकूर द्यावा, हे माझं ठाम मत आहे.

दाबणीचा आणखी एक दरवाजा आहे. चित्रावर क्लिक केल्यावर वर `Picture Format` येतं, त्यात `Compress Pictures`. फाइल मेलने जात नाही म्हणून कोणीतरी इथे येतं आणि `E-mail (96 ppi)` निवडतं. त्यातली `Apply only to this picture` ही खूण काढलेली असेल तर एका फटक्यात सगळी स्मरणिका ९६ वर येते. सेव्ह केल्यावर हाही एकेरी रस्ता. शिवाय तिथेच `Delete cropped areas of pictures` असतं. ते चालू ठेवलं तर तुम्ही कातरून झाकलेला भाग कायमचा जातो, आणि ‘उजवीकडचे सरपंच का कापले?’ असा प्रश्न आला की फोटो पुन्हा शोधावा लागतो.

नुकसान होऊन गेलं असेल तर दुरुस्ती अशी. आधी वर सांगितलेली खूण करा, मग बिघडलेल्या चित्रावर उजवी क्लिक करून `Change Picture` मधून मूळ फाइल पुन्हा निवडा. जागा आणि आकार तोच राहतो, फक्त आतलं चित्र बदलतं, त्यामुळे मांडणी विस्कटत नाही. लिबरऑफिसमध्ये यालाच `Replace` म्हटलंय. क्रम उलटा केला, म्हणजे आधी चित्र बदललं, सेव्ह केलं आणि मग खूण केली, तर सगळं पुन्हा करावं लागेल.

मूळ फाइल म्हणजे कोणती, हेही ठरवून घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो मूळ नसतो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास आणली जाते आणि जेपीईजीची दाबणीही वाढवली जाते. एचडी पर्याय निवडला तर जास्त पिक्सेल येतात, पण खात्रीचा मार्ग म्हणजे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगणं. तसा पाठवला की फाइल जशीच्या तशी येते. व्हॉट्सॲपवरचा १६०० चा फोटो पूर्ण रुंदीत चालून जातो, हे वरच्या भागाकारात दिसलंच. अडचण येते ती कातरताना. तीस जणांच्या समूहफोटोतून एका शिक्षिकेचा चेहरा वेगळा काढला तर रुंदीला जेमतेम १२० पिक्सेल हाती लागतात. चार सेंटिमीटरच्या चौकटीत ते इंचाला ७६ होतात. समूहफोटो म्हणून जो चालतो, तो व्यक्तिचित्र म्हणून चालत नाही, आणि ‘याच फोटोतून काढा ना’ या सूचनेला हेच उत्तर आहे.

आता पीडीएफ काढण्याची पायरी. वर्डमध्ये `Save As` मधून पीडीएफ निवडल्यावर `Optimize for` च्या खाली दोन पर्याय दिसतात: `Standard` आणि `Minimum size`. छपाईसाठी पहिलाच. दुसरा चित्रांचे पिक्सेल आणखी घटवतो, आणि एकदा कोणी निवडून गेलं असेल तर पुढच्या माणसाने पाहिल्याशिवाय राहू नये. लिबरऑफिस या बाबतीत जास्त उघडपणे बोलतं. `File` > `Export As` > `Export as PDF` उघडलं की चित्रांच्या भागात सगळे आकडे समोर असतात: `Lossless compression`, किंवा `JPEG compression` आणि त्याची टक्केवारी, आणि खाली `Reduce image resolution to`. मुळात ९० टक्के आणि ३०० असं लावलेलं असतं. छपाईला ते तसंच ठेवावं. मोबाइलवर वाटण्यासाठी वेगळी पीडीएफ काढायची असेल तर ८० टक्के आणि १५० लावा. मूळ दस्तऐवज न दाबलेला ठेवायचा आणि त्यातूनच या दोन पीडीएफ काढायच्या. छपाईची पीडीएफ पुन्हा दाबून वाटपाची करणं, मग तीच छापखान्याला जाणं, हा प्रकार वाटतो त्याहून सर्रास घडतो.

दोष दस्तऐवजातच आहे की एक्सपोर्टमध्ये शिरला, हे ओळखायला दोन्ही फाइली शेजारी उघडा आणि दोन्हीकडे झूम २०० टक्के करा. झूम सारखाच हवा. वर्डमध्ये ७० टक्क्यांवर आणि पीडीएफ १५० वर पाहून तुलना होत नाही. दोन्हीकडे सारखंच पुसट असेल तर पीडीएफला दोष देऊ नका, मागे जा. वर्डमध्ये स्वच्छ आणि पीडीएफमध्ये पुसट असेल तर एक्सपोर्टची खिडकी तपासा. पुसटपणाची जातही काही सांगते. पिक्सेल कमी पडले की चित्र सगळीकडे सारखंच मऊ होतं. जेपीईजीची दाबणी जास्त झाली असेल तर कडा टिकतात, पण अक्षरांभोवती, दिव्याच्या ज्योतीभोवती मळकट वलयं येतात आणि आकाशात किंवा भिंतीवर चौकोनी ठिगळं दिसतात. जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे करून काम करतं, ती ठिगळं त्याचीच.

डोळ्यावर विसंबायचं नसेल तर मोजता येतं. `.docx` फाइलची एक प्रत करा, तिच्या नावाचा शेवट बदलून `.zip` करा आणि उघडा. आत `word` आणि त्यात `media` नावाचा फोल्डर असतो. दस्तऐवजात प्रत्यक्ष शिल्लक असलेली चित्रं तिथे सुटी पडलेली दिसतात. ४००० चा म्हणून टाकलेला फोटो तिथे ३४६ चा निघाला की शंकेला जागाच राहत नाही. लिबरऑफिसच्या `.odt` मध्ये हाच फोल्डर `Pictures` नावाचा असतो. पीडीएफसाठी पॉपलर या मोफत संचातली एक आज्ञा आहे:

```
pdfimages -list smaranika.pdf
```

ती प्रत्येक चित्राची एक ओळ छापते. बाकी रकाने सोडून द्या. `page` मध्ये पान क्रमांक, `width` मध्ये पिक्सेल आणि `x-ppi` मध्ये आपला भागाकार आयता करून मिळतो. आपल्या दीपप्रज्वलनाच्या फोटोसमोर तिथे ५५ दिसेल. `Standard` निवडलं तरी ही यादी एकदा पाहावी, कारण वर्ड एक्सपोर्ट करताना आपल्याला न विचारता काय करतं ते खिडकीत लिहिलेलं नसतं. ६४ पानांच्या स्मरणिकेत १५० च्या खालची चित्रं कोणत्या पानांवर आहेत हे या यादीतून दोन मिनिटांत कळतं, आणि तेवढ्यांच्याच मागे लागता येतं.

जमाखर्चाच्या पानाची गोष्ट वेगळी. खजिनदार एक्सेलच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेल रुंद असेल तर त्यातला तक्ता कातरल्यावर सातशेच्या आसपास उरतो. पूर्ण रुंदीत इंचाला ११२. फोटोत हे कसंबसं खपलं असतं, पण आकड्यांत ३ आणि ८ एकसारखे दिसू लागतात, आणि हिशोबाच्या पानावर ते कोणालाच परवडत नाही. त्यात ते चित्र व्हॉट्सॲपवरून जेपीईजी होऊन आलेलं असलं की वलयंही आली. अशा चित्राची गुणवत्ता सुधारत बसू नका. एक्सेलची फाइल मागवा आणि तक्ता वर्डमध्ये तक्ता म्हणूनच चिकटवा. अक्षरं अक्षरं म्हणून राहिली की पिक्सेलचा प्रश्नच उरत नाही, कितीही मोठी केली तरी कडा धारदार. स्क्रीनशॉटच घ्यायची वेळ आली, तर आधी तक्ता २०० टक्के झूम करून मग घ्यावा आणि पीएनजी म्हणून ठेवावा. बोधचिन्हाचंही तसंच: ज्याने ते तयार केलं त्याच्याकडून एसव्हीजी फाइल मिळाली तर घ्या, लेटरहेडवरून कातरलेलं बोधचिन्ह मुखपृष्ठावर ताणू नका.

शेवटी उरतो संस्थापकांचा फोटो. तो बहुधा संस्थेच्या संकेतस्थळावरून उचललेला, ३०० गुणिले ४०० पिक्सेलचा असतो आणि समितीला तो पहिल्या पानावर आठ सेंटिमीटर रुंद हवा असतो. भागाकार ९५ येतो. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन पिक्सेल वाढवले तर संख्या वाढेल, पण मिशीचा प्रत्येक केस सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेला असेल. जे टिपलंच गेलं नाही ते तिथे नाही. दिवंगत माणसाच्या चेहऱ्यावर असली कारागिरी करू नये असं मला वाटतं.

घरच्यांकडे कागदावरचा फोटो असतोच. साडेतीन बाय पाच इंचाचा जुना फोटो स्कॅनरवर ३०० ने स्कॅन केला तर रुंदी १०५० पिक्सेल येते आणि आठ सेंटिमीटरवर इंचाला ३३३ मिळतात. त्यातला फक्त चेहरा हवा असेल तर ६०० ने करा. त्याच्या वर नेऊन फारसं हाती लागत नाही, कागदाचे कण आणि ओरखडे तेवढे मोठे होतात. मोबाइलने फोटोचा फोटो काढताना काच, उजेडाचा डाग आणि तिरपेपणा सोबत येतो, म्हणून शक्यतो स्कॅनरच. जुन्या स्मरणिकेत छापलेल्या फोटोवरून मात्र स्कॅन करणं शेवटचा उपाय समजा. छापील फोटो बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो आणि दुसऱ्यांदा छापताना त्या ठिपक्यांची जाळी उमटते.

कागदावरचा फोटोही मिळाला नाही, तर ताणण्याऐवजी लहान छापावा. तेच ३०० पिक्सेल साडेतीन सेंटिमीटरच्या चौकटीत बसवले की इंचाला २१८ होतात, म्हणजे पासपोर्ट फोटोएवढा, पण स्वच्छ. त्याच्याभोवती पांढरी जागा सोडून खाली नाव आणि वर्षं जरा मोठ्या टायपात घेतली, तर पहिलं पान भरतंही आणि चेहरा ओळखूही येतो. समितीला पटवायचं असेल तर दोन्ही आकार एकाच कागदावर छापून बैठकीत न्या. छापताना प्रिंटरच्या खिडकीत `Actual size` निवडायला मात्र विसरू नका, नाहीतर ‘Fit’ मुळे दोन्ही मापं बदलतील आणि चर्चा भलत्याच आकारावर होईल.